निरीक्षण चार, शिफारस नऊ

वल्लरी कारखानीस कुठलाही अहवाल मागून पुढे वाचायची. आधी शिफारशी, मग छायाचित्रं आणि सगळ्यात शेवटी निरीक्षणं. पुढून वाचलं की लिहिणाऱ्याच्या ओघात आपणही वाहत जातो आणि जे कागदावर नाही तेही आपल्याला दिसायला लागतं, असं तिचं म्हणणं. ऑफिसात तिची त्यावरून थट्टा व्हायची. ती स्वतः सिव्हिल इंजिनियर होती, सात-आठ वर्षं साइटवर काढलेली. मुलगी झाल्यावर तिने हे टेबलावरचं काम घेतलं. पण साइटवरच्या तरुण पोरांच्या लेखी ती आता फक्त "कॉमा बघणारी मॅडम" होती.

नवीन पनवेलमधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात जुन्या इमारतींच्या तपासण्यांचे अहवाल तयार व्हायचे. मालक उदयसिंह जगदाळे. त्यांना सगळे सर म्हणत. इमारत तपासायला सर आणि एक साइट इंजिनियर जायचे, अहवाल इंजिनियर लिहायचा, वल्लरी तपासायची आणि सर सही करायचे.

त्या शनिवारी तिच्यासमोर सहजीवन सोसायटीचा अहवाल होता. ए आणि बी अशा दोन विंग, खाली पार्किंग, वर चार मजले, तीस वर्षांपूर्वीचं बांधकाम. अहवाल साइट इंजिनियर निनादने लिहिला होता. कच्चा मसुदा आठवड्यापूर्वीच सोसायटीला गेला होता. वल्लरी तेव्हा आतेबहिणीच्या लग्नाला चिपळूणला होती, त्यामुळे तो तिच्या हाताखालून गेला नव्हता. आज पक्की प्रत द्यायची होती. सोसायटीच्या सेक्रेटरी शशिकला नाईकनवरे संध्याकाळी पाचला ती न्यायला स्वतः येणार होत्या.

"दुपारपर्यंत होईल ना?" सकाळी उलव्याला निघताना सरांनी विचारलं होतं.

"शुद्धलेखनाचंच असेल तर आत्ता होईल," ती म्हणाली होती. सर हसले आणि गेले.

पार्किंग मजल्याच्या प्रकरणापर्यंत सगळं सुरळीत चाललं. त्या प्रकरणात दहा निरीक्षणांचं एक कोष्टक होतं. क्रमांक, ठिकाण, निरीक्षण, छायाचित्र. शिफारशी मागच्या प्रकरणात, नुसत्या क्रमांकांनी दिलेल्या. शिफारस नऊ अशी होती: "निरीक्षण ९ मधील घटकाभोवतीच्या तुळयांना तातडीने लोखंडी टेकू द्यावेत. या भागात पार्किंग आणि वावर बंद करावा."

तातडीने हा शब्द या ऑफिसात सहज लिहिला जात नसे. वल्लरीने कोष्टकातली नववी ओळ काढली. "ठिकाण: बी विंग, खांबांची ओळ ३. तुळईच्या प्लास्टरला केसासारखा बारीक तडा. छायाचित्र ७."

केसासारख्या तड्याला टेकू? तिने पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. छायाचित्र सात उघडलं. त्यात तुळई नव्हतीच. खांबाचा तळ होता. काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले, आतल्या सळ्या उघड्या आणि गंजून मधेच बारीक झालेल्या. खाली नुसतं "पार्किंग मजला" एवढंच लिहिलेलं.

खांबाची नोंद तिला चौथ्या ओळीत सापडली. "ठिकाण: ए विंग, ओळ ७. खांबाच्या तळाचे काँक्रीट सुटलेले, सळ्या उघड्या, त्यांना बांधणाऱ्या रिंगा तुटलेल्या. छायाचित्र १७." आणि छायाचित्र सतरात होता तो प्लास्टरचा तडा. शिफारस चार म्हणत होती: "पुढील रंगकामाच्या वेळी प्लास्टर दुरुस्त करावे."

म्हणजे मोडकळीला आलेल्या खांबाला रंगकामाची वाट बघायची आणि प्लास्टरच्या तड्याला टेकू.

तिने खुर्ची मागे सारली. हे उलटंपालटं झालंय हे उघड होतं. पण नेमकं काय उलटलंय? शिफारशी चुकल्यात, की ओळी?

निनाद त्या दिवशी जासईला एका कंटेनर गोदामाच्या तपासणीला गेला होता. दोनदा फोन वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्याने उचलला, तेव्हा मागून क्रेनचा कर्कश भोंगा येत होता.

"निनाद, सहजीवनचं कोष्टक तू नंतर हलवलंस का?"

"हो मॅडम. आम्ही बी विंग आधी बघितली होती ना, तर आधी बी होतं. सर म्हणाले ए आधी घे. म्हणून मी क्रम बदलला. का?"

"चार आणि नऊ जुळत नाहीत. चारमध्ये खांब आहे, पण फोटो आणि शिफारस तड्याची आहे. नऊमध्ये तडा आहे, पण फोटो आणि शिफारस खांबाची."

पलीकडे भोंगा पुन्हा वाजला. त्यावर आवाज चढवून तो म्हणाला, "मग सोपं आहे की. फोटो आणि शिफारस एकमेकांशी जुळतात ना? म्हणजे मजकूर चुकलाय. ठिकाणाचा रकाना आणि निरीक्षणाचा रकाना वेगवेगळे हलले असणार. चार आणि नऊचा मजकूर अदलाबदल करा. सगळं बसेल."

"म्हणजे तो खांब बी विंगमध्ये आहे?"

"असेल. मॅडम, मी इथे शिडीवर आहे."

"असेल की आहे?"

"आत्ता कसं आठवणार? त्या आठवड्यात सहा बिल्डिंगा केल्या आपण." फोन बंद झाला.

वल्लरीने दोन्ही ओळी शेजारी घेतल्या. मजकूर इकडचा तिकडे टाकायला अर्धा मिनिटही लागलं नसतं. तसं केल्यावर छायाचित्रं बसत होती, शिफारशी बसत होत्या. तीनपैकी दोन गोष्टी एका बाजूला होत्या आणि तिसरी एकटी पडली होती. कुणीही तिसरीलाच खोटं ठरवलं असतं. तिने मजकूर निवडला, कापला आणि तसाच हातात धरल्यासारखी थांबली.

छायाचित्रांचे संदर्भ हाताने टाइप केलेले होते, आपोआप बदलणारे नव्हते. शिफारशींचे क्रमांकही हातानेच. निनादने क्रम बदलला तेव्हा बीच्या पाच ओळी खाली गेल्या आणि एच्या पाच वर आल्या. जी नववी होती ती चौथी झाली, जी चौथी होती ती नववी. ठिकाण आणि निरीक्षण मिळून नीट हलले असतील आणि हाताने टाइप केलेले आकडे तेवढे जागच्या जागी जुने राहिले असतील, तर? मग छायाचित्र आणि शिफारस हे दोन साक्षीदार वेगळे नव्हतेच. एकाच जुन्या यादीवरून बोलणारा तो एकच माणूस होता, दोनदा बोललेला. त्यांचं आपसात जुळणं हा पुरावाच नव्हता.

तिने कापलेला मजकूर होता तिथे परत टाकला. अजून तिला काहीच माहीत नव्हतं. दोन्ही शक्यता तितक्याच खऱ्या होत्या. कागदावरून यातलं काही ठरणार नव्हतं.

छायाचित्र सात कडेने कापलेलं होतं, पानावर बसावं म्हणून. मूळ फोटोत बहुतेक काहीतरी असणार. तपासणीच्या वेळी सर एक छोटी पाटी बरोबर ठेवायला लावत आणि तीवर खडूने विंग आणि ओळ लिहून मगच फोटो काढायला सांगत. तिने निनादला निरोप पाठवला: "छायाचित्र ७ चा मूळ फोटो पाठव. न कापलेला. लगेच." निरोप पोचल्याची खूण आली, पण वाचल्याची आली नाही.

मग सरांना फोन.

"वल्लरी, मी मीटिंगमध्ये आहे," सर दबक्या आवाजात म्हणाले. तिने शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. "निनाद म्हणतो तसं असेल. लिहिलंय त्याने, त्याला माहीत असणार. करून टाक. आल्यावर मी बघतो."

"सर, खांब कुठल्या विंगमध्ये होता तुम्हाला आठवतं?"

"एमध्ये..." ते थांबले. "नाही. तो दुसऱ्या सोसायटीतला. थांब, आत्ता मला नक्की सांगता येणार नाही. मी पाचच्या आत येतो. तोवर त्यांना काही बोलू नकोस. उगाच घबराट होईल."

तिने हो म्हटलं. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली, आत आली, पाणी प्यायला गेली आणि न पिताच परतली. निनादला पुन्हा फोन केला. लागला नाही. साइटवर असताना ती स्वतःही फोन खिशातून काढत नसे. त्याचा राग तरी कसा करणार?

मसुदा सोसायटीकडे आठवडाभर पडलेला आहे, हे तिच्या डोक्यात उशिरा आलं. आणि आलं ते असं, की तिने लगेच शशिकलाबाईंचा नंबर फिरवला. काही बोलायचं नाही हे तिला आठवत होतं. विचारायला तर हरकत नव्हती.

"नमस्कार मॅडम, वल्लरी बोलतेय. अहवालाची पक्की प्रत तयार करतेय. मसुद्यावर तुमचं काही म्हणणं आहे का, तेवढं विचारायचं होतं."

"म्हणणं कसलं? आम्ही तर कामाला लागलो." शशिकलाबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून काउंटरवरचा. "तुम्ही तातडीने लिहिलंत, आम्ही थांबलो नाही. परवाच कंत्राटदार प्रणित घरतला बोलावून बी विंगमध्ये टेकू लावून घेतले. गाड्या सगळ्या ए विंगकडे हलवल्या. लोक कुरकुरले, पण मी ऐकलं नाही."

"चांगलं केलंत," वल्लरी म्हणाली. तिच्याच कानाला तिचा आवाज पातळ वाटला. फोनमध्ये मागे कसलीतरी सतत घरघर चालू होती. "मॅडम, हा आवाज कसला?"

"अहो, ब्रेकर. ए विंगमध्ये पहिल्या मजल्यावर केतनच्या घरी फरशी फोडतायत. त्याचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. तपासणी होईपर्यंत मी परवानगी अडवून धरली होती. एमध्ये नुसतं रंगकामाच्या वेळचं प्लास्टर निघालं, मग दिली. आजच सुरू केलंय."

"कुठल्या बाजूचं घर आहे ते?"

"गेटकडून आत शिरलं की शेवटचं. टाकीच्या बाजूचं. का?"

वल्लरीने नकाशा आधीच उघडून ठेवला होता. गेटकडून शेवटची, टाकीच्या बाजूची ओळ. सात.

"तुम्हाला पाच मिनिटांत फोन करते," ती म्हणाली.

ती पाच मिनिटं तिने कशी काढली हे तिला नंतर आठवेना. निनादला फोन, निनादच्या बरोबर गेलेल्या गाडीवाल्याला फोन. गाडीवाल्याने उचलला. "त्याला खाली उतरव," ती जवळजवळ ओरडली. "सांग, मॅडम म्हणतात मूळ फोटो आत्ताच्या आत्ता हवाय."

फोटो आला. तोच खांब, त्याच सळ्या. डाव्या कडेला, अहवालातून कापून टाकलेल्या भागात, विटेला टेकवून ठेवलेली पाटी. खडूची अक्षरं जरा फिसकटली होती. ए ७.

तिने सरांना फोन लावला. बंद होता. मीटिंगमध्ये ते तसा ठेवत. तोवर काही बोलू नकोस, हे शब्द तिला पुन्हा ऐकू आले. सर बरोबरच म्हणाले होते. सही त्यांची होती, नाव त्यांचं होतं आणि सोसायटीला काय सांगायचं हे त्यांनी ठरवायचं होतं. शिवाय पाटीवरचा आकडाही चुकलेला असू शकतो. खडूने लिहिणारा माणूसच असतो. पण आपण चुकलो तर केतनच्या घराची फरशी एक दिवस उशिरा फुटेल. आणि नाही चुकलो तर?

तिने शशिकलाबाईंना फोन केला.

"मॅडम, मी सांगते ते आधी करा, मग मला काय बोलायचं ते बोला. केतनच्या घरचा ब्रेकर आत्ता बंद करायला सांगा. मजूर घरातून बाहेर काढा. ए विंगच्या त्या टोकाच्या गाड्या हलवा आणि तिथे कुणाला उभं राहू देऊ नका."

"म्हणजे?"

"मसुद्यात क्रमांक उलटे पडलेत. टेकू लावायचा खांब बीमध्ये नाही. एमध्ये आहे. केतनच्या घराखाली."

मागे ब्रेकरची घरघर अजून चालू होती. शशिकलाबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही काय बोलताय, कळतंय का तुम्हाला?"

"हो. मी निघाले तिकडे यायला."

ऑफिसच्या खाली रिक्षा लगेच मिळाली, पण बाजाराच्या वळणावर अडकली. वल्लरी पाय आखडून सीटच्या कडेवर बसली होती. हातात दोन पानं, एक मूळ फोटो आणि एक नकाशा. तिने वाटेत सरांना निरोप टाइप केला: "पाटीवर ए ७ आहे. वर ब्रेकर चालू होता. मी सोसायटीला सांगितलंय. तिथे जातेय." पाठवायच्या आधी दोनदा वाचला. काही बदललं नाही.

सहजीवनच्या गेटमध्ये घोळका जमला होता. ब्रेकरचा आवाज थांबला होता, एवढं तिच्या आधी लक्षात आलं. शशिकलाबाई पुढे आल्या. बारीक अंगकाठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"कुठला खांब? दाखवा मला."

टाकीच्या बाजूला शेवटच्या खांबाशी कुणीतरी जुनी प्लायवूडची फळी टेकवून ठेवली होती. वल्लरीने ती बाजूला केली. फोटोत होता तसाच होता, फक्त फोटोत त्याचा आकार कळत नव्हता. सळ्या तिच्या करंगळीपेक्षा बारीक झाल्या होत्या. खाली ताजा, फिकट रंगाचा चुरा पडलेला.

"हे तर तुमच्या माणसांनी तपासायला फोडलेलं ना?" शशिकलाबाई म्हणाल्या. "पोरांना लागेल म्हणून मीच फळी लावायला सांगितली."

"वरचं प्लास्टर आमच्या माणसांनी काढलं. आतलं आधीपासून असंच होतं. आणि हा चुरा आजचा दिसतोय."

तेवढ्यात केतन वरून उतरला. तिशीचा, अंगभर धूळ. "कुणी थांबवलं काम? मॅडम, तुमच्याच अहवालावर परवानगी मिळाली मला. आता तुम्हीच म्हणता थांबा? उद्या म्हणाल, नाही, पुन्हा चुकलं, करा सुरू."

वल्लरीने वरच्या तुळईकडे बघितलं. "तुमच्या घरात नवीन टाइल्सचे खोके आलेत का?" तिने विचारलं.

"कालच आलेत. पन्नासेक असतील. का?"

"कुठे ठेवलेत?"

त्याने वर बघितलं, मग खांबाकडे बघितलं. पुढचं काही न विचारता तो फोनवर कुणालातरी म्हणाला, "खोके तिथेच राहू द्या. कुणी आत जाऊ नका."

सरांची गाडी आली तेव्हा वल्लरी बी विंगमधले टेकू बघत उभी होती. अगदी नीट लावलेले, खाली लाकडी फळ्या, सगळे सरळ उभे. त्यांच्या डोक्यावर तुळईच्या प्लास्टरला तो तडा होता, शोधावा लागेल असा.

सर गाडीतून उतरले. सरळ खांबाकडे गेले, गुडघ्यावर बसले, हातोडीने दोन-तीन ठिकाणी हलकेच वाजवून पाहिलं. एका ठिकाणी पोकळ आवाज आला आणि ओंजळभर काँक्रीट निखळून त्यांच्या बुटावर पडलं. त्यांनी ते उचलून बोटांनी चुरलं.

"प्रणित कुठे आहे?" उठता उठता त्यांनी विचारलं.

"बोलावलाय. विचुंब्याला होता, निघालाय," शशिकलाबाई म्हणाल्या.

"तो येईपर्यंत या बाजूची चारही घरं रिकामी करा. आत्ता. पाकीट आणि औषधं घेऊन बाहेर या म्हणावं, बाकी काही उचलत बसू नका. टेकू लागल्यावर मी स्वतः बघेन आणि मग आत जाता येईल की नाही ते सांगेन."

"आणि हे आठवड्यापूर्वी का नाही सांगितलंत?" शशिकलाबाईंचा आवाज आता सगळ्यांना ऐकू जात होता. "मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवून लोकांच्या गाड्या इथे आणून लावल्या. इथे! माझ्या नातवाची सायकल इथे होती."

"चूक आमची आहे," सर म्हणाले. "मसुदा न तपासता मी पाठवला. तो बाहेर जायला नको होता."

त्या काही तरी आणखी बोलणार होत्या, पण वरच्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत उतरायला लागले होते. त्या त्यांना हात द्यायला गेल्या.

सर वल्लरीकडे वळले. "मी थांब म्हटलं होतं."

"हो सर."

"माझा फोन बंद होता?"

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावले होते की नाही हे तिला कळलं नाही. त्यांनाही बहुधा कळलं नव्हतं.

प्रणित घरत आपल्या मोठ्या गाडीतून आला, मागे टेम्पोत माणसं. खांबाकडे बघून त्याने कपाळाला हात लावला. "सायेब, आमी तर कागद बघून बीमधी लावले. तेच काढून आनू का इकडं?"

"काढ. तिथे प्लास्टरशिवाय काही नाही, मी आत्ता पाहून आलो. आणखी किती आहेत तुझ्याकडे?"

"गोडाऊनला हायत. मागवतो. कमी नाय पडनार."

मग काम सुरू झालं. खांबाला मिळणाऱ्या सगळ्या तुळयांखाली फळ्या टाकून टेकू उभे राहायला लागले. सर प्रत्येकापाशी जाऊन सांगत होते, "हाताने घट्ट कर, बस. वर ढकलायचं नाही, नुसतं टेकवायचं." वल्लरीला करायला काहीच नव्हतं. ती गेटपासून टाकीपर्यंत चालायची आणि परत फिरायची. लोक कठड्यावर बसले होते, कुणी चहा आणला होता, आणि तिच्याकडे बघून ते आवाज खाली आणत होते. टेकू नेताना एक लोखंडी नळी खणकन खाली पडली, तेव्हा सगळे एकदम उठून उभे राहिले.

निनाद जासईहून थेट तिथे आला. खांबाजवळ जायला सरांनी त्याला हात करून मनाई केली. तो वल्लरीच्या शेजारी येऊन उभा राहिला. हेल्मेट अजून हातात होतं.

"मॅडम, तुम्ही अदलाबदल केली असती तर..."

"करायला घेतली होती. थांबले."

"मी म्हटलं म्हणून?"

"तू म्हटलंस म्हणून करायला घेतली. थांबले ती माझ्या शंकेने." तिने त्याच्याकडे बघितलं. तो हेल्मेटचा पट्टा ओढत होता. "निनाद, पाटी तूच ठेवली होतीस ना तिथे?"

"हो."

"मग त्यानेच कळलं. पाटी नसती तर मी काही करू शकले नसते."

त्याला त्याने बरं वाटलं असेल असं तिला वाटलं नाही.

दिवस मावळताना सरांनी शेवटचा टेकू हलवून बघितला आणि वरच्या तीन घरांना आत जायला परवानगी दिली. केतनचं घर बंद ठेवलं. टाइल्सचे खोके दोघा-दोघांनी एकेक करून खाली आणले. केतनने ते मोजून घेतले. मग वल्लरीजवळ येऊन विचारलं, "लग्नापर्यंत होईल का हो?"

"फरशी नाही होणार," ती म्हणाली. "आधी खांबाभोवती नव्या सळ्या आणि नवं काँक्रीट. ते पक्कं होईपर्यंत वर तोडफोड नाही."

त्याने खिशातून फोन काढला आणि होणाऱ्या बायकोला सांगायला तो गेटबाहेर गेला.

सोमवारी अहवाल पुन्हा झाला. प्रत्येक शिफारशीत आता क्रमांकाबरोबर विंग, ओळ आणि खांब की तुळई हेही लिहिलेलं होतं. एकही फोटो कापलेला नव्हता. निनाद मोठ्याने वाचत गेला आणि वल्लरी बोट ठेवून बघत गेली, मग त्यांनी जागा बदलल्या. सोबतच्या पत्राचा मसुदा सरांनी तिला करायला सांगितला. अहवालाच्या कच्च्या मसुद्यात काय चुकलं होतं, कशामुळे, आणि ती जुनी प्रत फाडून टाकावी, असं. तिने लिहिलेल्या पत्रात "गैरसमज" असा एक शब्द होता. सरांनी तो खोडून "चूक" केला आणि सही केली.

शशिकलाबाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी अहवाल उचललाच नाही. खुर्ची ओढून वल्लरीच्या टेबलाशी बसल्या, पर्समधून चष्मा काढला.

"मला दाखवा कसं वाचायचं ते," त्या म्हणाल्या. "आठवड्यापूर्वी मला वाचता आलं असतं, तर मला तरी दिसलं असतं."

"आधी शिफारस," वल्लरी म्हणाली. "मग ती कुठल्या निरीक्षणावर आहे ते काढायचं. मग त्यातलं छायाचित्र बघायचं, आणि स्वतःला विचारायचं, या चित्रातल्या गोष्टीला हा उपाय शोभतो का?"

शशिकलाबाईंनी पहिली शिफारस काढली. बोटाने ओळ धरली, पानं मागे उलटली, छायाचित्र शोधलं, पुन्हा पुढे आल्या. दुसरी काढली. निनाद समोर उभा राहून बघत होता, त्याच्याकडे त्यांनी एकदाही मान वर केली नाही. सहाव्या शिफारशीवर त्या अडल्या.

"इथे म्हटलंय टाकीच्या भिंतीची गळती. आणि फोटोत मला नुसती ओली फरशी दिसते. भिंत कुठाय?"

वल्लरीने फोटो पुढ्यात ओढला. बाईंचं बरोबर होतं. क्रमांक जुळत होता, विंग जुळत होती, पाटीही होती. पण भिंत त्या फोटोत आलेलीच नव्हती.

"निनाद," तिने हाक मारली, "त्या दिवशीचे सगळे फोटो उघड. टाकीजवळचे."

शशिकलाबाईंनी पर्स मांडीवरून काढून टेबलावर ठेवली. "मला घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि पान धरून तशाच बसून राहिल्या.